वह्यांच्या ऑर्डरसाठी मुख्याध्यापकांना पत्र: नमुना, वजन आणि निकालाचा दिवस

पत्र: काका, माझं नाशिकला सिडकोत छोटं स्टेशनरीचं दुकान आहे. जवळच्या एका खासगी शाळेला पाचवी ते सातवीच्या वह्या आणि बाकी सामान पुरवायची इच्छा आहे. मागच्या वर्षी मुख्याध्यापक मॅडमना पत्र दिलं होतं, 'उत्तम दर्जा, वाजवी दर, एकदा सेवेची संधी द्यावी' असं सगळं लिहिलं होतं, सोबत दोन वह्या पण दिल्या. काहीच उत्तर आलं नाही. या वर्षी परत द्यायचंय. पत्रात नक्की काय लिहू, नमुने कसे देऊ, आणि डिलिव्हरीच्या तारखा आत्ताच लिहायच्या का? मुलं तिन्ही इयत्ता मिळून तीनशेच्या आसपास आहेत. – एक दुकानदार ताई, सिडको

उत्तर:

ताई, मी शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून बरीच वर्षं काढलीयेत, त्यामुळे अशी पत्रं टेबलाच्या पलीकडून बघितलेला माणूस आहे. जानेवारी ते एप्रिल रोज एखादं तरी येतं. कोणी वह्यावाला, कोणी गणवेशवाला, कोणी सहलीच्या बसवाला, आणि सगळ्यांचा दर्जा उत्तमच असतो आणि दर वाजवीच असतात, मग मुख्याध्यापक त्यावर करणार तरी काय, शेरा मारायला सुद्धा त्यात काही नसतं. 'फाइल' असं लिहून पत्र परत माझ्याकडे यायचं आणि सोबतच्या वह्या स्टाफरूममध्ये कुणीतरी वापरून टाकायचं. तुमचंही तेच झालं असणार, त्यात मॅडमचा राग वगैरे काही नाही.

मॅडमना स्वस्त वही मिळणं हा त्यांच्या डोक्यातला पहिला मुद्दाच नाहीये. त्यांना भीती दोन गोष्टींची असते. एक म्हणजे पालक. 'शाळा ठरावीक दुकानातूनच घ्यायला लावते' अशी एक तक्रार शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेली की खुलासे देत बसावं लागतं, कारण ठरावीक दुकानाची सक्ती करता येत नाही असे शासनाचे आदेशच आहेत. दुसरी भीती जूनची, म्हणजे शाळा सुरू झाली, सर म्हणतात वह्या काढा, आणि वह्या अजून टेम्पोत. या दोन्हीचं उत्तर ज्या पत्रात असतं ते पत्र फाइलला न जाता संस्थेच्या मीटिंगला नाहीतर पालक-शिक्षक संघाच्या बैठकीला जातं. आणि तिथे तुम्ही नसता हं, तुमचं पत्रच बोलणार असतं, म्हणून मॅडमना तोंडी काही समजावून सांगावं लागणार नाही इतकं ते स्पष्ट पाहिजे.

आता सर्वात आधी एक ठरवा, पैसे कोण देणार. शाळा विकत घेऊन मुलांना देणार असेल तर तीन कोटेशन, संस्थेची मंजुरी, मग चेक, आणि चेक दिवाळीपर्यंत येईल या तयारीत राहायचं. तुमच्या दुकानाला तीनशे मुलांच्या वह्यांचे पैसे पाच महिने अडकवणं जमेल का ते तुमचं तुम्ही बघा, मला तरी जमेल असं वाटत नाही. त्यापेक्षा पालकांनी स्वतःच्या मर्जीने तुमच्याकडे बुकिंग करायचं, पैसे थेट तुम्हाला द्यायचे आणि शाळेने फक्त वह्यांची यादी आणि जागा द्यायची, ही पद्धत सुचवा. शाळेच्या हिशोबात एक रुपयाही येत नाही म्हणून ऑडिटची कटकट नाही, आणि ऐच्छिक आहे म्हणून सक्तीची तक्रार नाही. मॅडमना पत्र वाचताना हे पहिल्या चार ओळींतच दिसलं पाहिजे.

याच्याशी जोडूनच एक मोह टाळायचा, शाळेच्या नावाचं छापील कव्हर. दिसायला छान दिसतं, शाळेला पण आवडतं, पण नाव छापलं की बाकीच्या दुकानातली वही आणणारा मुलगा वर्गात वेगळा दिसतो आणि ऐच्छिक हा शब्द कागदावरच राहतो. तुमचं नुकसान त्याहून मोठं, उरलेल्या दोनशे वह्या मग दुसऱ्या कुणालाच विकता येत नाहीत, पुढच्या वर्षी शाळेने कव्हरचा रंग बदलला की थेट रद्दी. साधं कव्हर ठेवा आणि वर चिकटवायला नाव-इयत्ता-विषयाचं लेबल द्या, पाहिजे तर लेबलवर शाळेचं नाव टाका, लेबलांचा खर्च किरकोळ असतो. साध्या कव्हरच्या उरलेल्या वह्या दुकानात जुलै-ऑगस्टपर्यंत आरामात खपतात, आणि म्हणूनच तुम्ही पत्रात बिनधास्त 'न वापरलेली वही परत घेऊ' असं लिहू शकता, जे छापील कव्हरवाला लिहूच शकत नाही.

नमुन्याचं

दोन वह्या पत्राला जोडून देणं म्हणजे नमुना देणं नाही, ती भेट झाली. नमुना म्हणजे ज्याच्याशी नंतर आलेला माल ताडून बघता येतो तो. आमच्याकडे एका वर्षी एका सप्लायरने दाखवताना पांढराशुभ्र जाड कागद दाखवला आणि जूनमध्ये आलेल्या वहीत पेनने लिहिलं की मागच्या पानावर उमटायचं, पण भांडणार कसं, नमुन्याची वही कुठे गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून नमुना आला की त्यावर सही आणि शिक्का मारून कपाटात ठेवायचा असा नियम केला.

तुम्ही स्वतःहूनच हे करा. प्रत्येक प्रकारच्या तीन वह्या न्या. एकीवर आतल्या पहिल्या पानावर 'नमुना' असा शिक्का, तुमची सही, तारीख, आणि मॅडमची किंवा क्लार्कची सही घ्या, ती शाळेत राहील. तशीच सही केलेली दुसरी तुमच्याकडे. तिसरी शिक्षकांनी लिहून, फाडून, ओली करून बघायला. ही तिसरी वही सगळ्यात महत्त्वाची, कारण मॅडम शेवटी गणिताच्या आणि इंग्रजीच्या बाईंनाच विचारणार आहेत. गणिताच्या बाई चौकटीचा आकार बघतात, लहान असली तर हातचे लिहायला जागा राहत नाही. इंग्रजीच्या बाई चाररेघीत वरच्या-खालच्या रेघांमधलं अंतर बघतात. आणि मधलं पान धरून हलकं ओढून बघतात सगळेच, पिना नीट मारलेल्या नसल्या की ते पान हातात येतं.

कागदाचं मात्र डोळ्याने कळत नाही, तिथे वजनाचा काटा घ्या. हा भाग मी थोडा सविस्तर सांगतो, कारण पत्रात ही एक ओळ आली की बाकीच्या पंधरा पत्रांपेक्षा तुमचं पत्र वेगळं दिसेल. १७२ पेजची वही म्हणजे आत ८६ कागद. वहीचा आकार १८ बाय २४ सेंटीमीटर धरला तर एक कागद ०.०४३२ चौरस मीटर, ८६ कागदांचे झाले साधारण ३.७ चौरस मीटर. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन, म्हणजे कागद ५७ जीएसएमचा असेल तर आतल्या कागदाचं वजन २१२ ग्रॅमच्या आसपास, आणि कव्हरचे वीसेक ग्रॅम धरून पूर्ण वही २३० ग्रॅम भरायला हवी. तीच वही ५० जीएसएमची असेल तर दोनशेच्या थोडी वर भरते. पंचवीस ग्रॅमचा फरक हातात कळत नाही, पण किचनमधल्या डिजिटल काट्यावर लगेच कळतो. दहा वह्या एकत्र ठेवून मोजल्या तर पाव किलोचा फरक दिसतो, मग वादच नको. दमट हवेत कागद थोडं पाणी धरतो, कापताना आकारात एखाद मिलिमीटर इकडेतिकडे होतो, म्हणून पाचेक टक्के मागेपुढे चालतं असं लिहा, त्याच्या खाली गेलं तर गठ्ठा बदलून देऊ असं लिहा. कव्हर आणि इंडेक्सची पानं १७२ मध्ये धरलीत की सोडून ते पण लिहून टाका, होलसेलवाल्याला आधी विचारा, कारण काही वह्यांत कव्हरची चार पेजेस मोजून आकडा पूर्ण केलेला असतो आणि पालकाने मोजलं की नाव तुमचं खराब होतं.

हे लिहिण्याआधी तुमच्या होलसेलरकडून, मग तो मेनरोडचा असो की मुंबईचा, हाच आकडा बिलावर लिहून घ्या हं. तो लिहून देत नसेल तर तुम्ही शाळेला लिहून देऊ नका, दुसरा बघा.

यादी आणि दर

यादी तुमच्या मनाने करू नका, शाळेकडून या वर्षीची मागा. कारण २०२३-२४ पासून दोन वर्षं दुसरी ते आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पानं बांधलेली होती, तेव्हा वह्या कमी लागायच्या, ती योजना २०२५-२६ पासून बंद झाली. जुन्या यादीवर ऑर्डर भरलीत तर कमी पडतील. मी खाली नमुन्यासाठी एका मुलाला दहा वह्या धरल्यात, आठ १७२ पेजच्या आणि दोन ९२ पेजच्या.

पण दहाच्या दहा जूनमध्ये देऊ नका. सात जूनमध्ये, तीन दिवाळीनंतर. दहा वह्यांचं वजन दोन किलोच्या वर जातं, सात वह्या १.४ किलोत बसतात, आणि दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असं धोरण आहे, म्हणजे तीस किलोच्या पोराला सगळं मिळून तीन किलो. अर्थात मुलं रोज सगळ्या वह्या नेत नाहीत, पण मॅडमना पालकसभेत सांगायला हा मुद्दा चांगला आहे, पालकाला एकदम पैसे काढावे लागत नाहीत, आणि तुम्हाला सुद्धा सगळा माल एकदम भरावा लागत नाही. दर मात्र दोन्ही वेळी तोच ठेवायचा, हे लेखी द्यायचं. कागद मधे महागला तर? तीनच वह्या आहेत, तेवढं सोसा, किंवा मे महिन्यातच उचलून ठेवा, फक्त पावसाळ्यात भिंतीला लावून ठेवू नका.

जीएसटीचं थोडक्यात, कारण मागच्या वर्षीचं दरपत्रक कॉपी केलंत तर इथेच चुकेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिल, खोडरबर, शार्पनर यांच्यावर जीएसटी शून्य झालाय, कंपासपेटीवर ५ टक्के आहे आणि पेनवर १८ टक्के. म्हणून वह्यांचा दर वेगळा, बाकी सामानाचा वेगळा दाखवा आणि दोन्हीकडे 'करांसह' लिहा. सामान सेटमध्ये कोंबू नका, ज्याला पाहिजे तो घेईल. पोरांकडे घरी कंपासपेटी असते आणि पालकाला नको ती वस्तू गळ्यात मारली की तोच ओरडतो.

तारखा

हो, आत्ताच लिहायच्या, आणि 'शाळा सुरू होण्यापूर्वी' असं मोघम न लिहिता वार आणि तारीख. पण त्या तारखा जूनपासून नाही, निकालाच्या दिवसापासून ठरवायच्या. आपल्याकडे बऱ्याच शाळांत १ मेच्या आसपास निकाल असतो आणि त्या दिवशी एरवी कधी न दिसणारा पालक सुद्धा शाळेत येतो, म्हणून बुकिंगचा फॉर्म त्या दिवशी हातात गेला पाहिजे. त्यानंतर शाळा बंद, पालक गावाला, तुम्ही व्हॉट्सॲपवर कितीही मेसेज टाका, आकडा येत नाही. निकालाच्या दिवशी फॉर्म गेला तर आठवडाभरात आकडा कळतो, होलसेलरला मेचा मध्य ते जूनचा पहिला आठवडा मिळतो, आणि माल शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात येतो.

पहिल्या दिवशी वाटप अजिबात ठेवू नका. त्या दिवशी शाळेत प्रवेशोत्सव, नवीन ॲडमिशन, रिक्षावाले काका, रडणारी पोरं, तुमचा टेम्पो गेटवर उभा करायलाही जागा मिळणार नाही. आदल्या आठवड्यात रोज एक इयत्ता, सकाळी नऊ ते बारा. माल तसा फार नसतो, शंभर मुलांनी बुक केलं तर सात वह्यांचे १४० किलो, तिन्ही इयत्ता मिळून सव्वाचारशे, एका छोट्या हत्तीत सहज बसतं, पण तीन दिवस करायचे ते गर्दी नको म्हणून. ताडपत्री सोबत ठेवा, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकला पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही, आणि गठ्ठे फरशीवर न ठेवता बाकांवर ठेवा. प्रत्येक मुलाचा सेट दुकानातच बांधून वर नाव-तुकडीची चिठ्ठी लावून आणायचा, शाळेत येऊन मोजत बसलात तर शिपाईमामा पुढच्या वर्षी तुम्हाला आत घेणार नाहीत.

आणि २०२७ चं पत्र लिहाल तेव्हा लक्षात ठेवा, त्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची स्नानं आहेत, रस्ते बंद, गाड्यांना पास, सुट्ट्या कधी जाहीर होतील नेम नाही, त्या दोन महिन्यांत कुठलीही डिलिव्हरी धरू नका.

आता पत्र. एका पानात बसवा, दरपत्रक दुसऱ्या पानावर. दर मी समजा म्हणून टाकलेत, तुमचे तुम्ही टाका. सध्या शाळा उघडायची तारीख १५ जून २०२६ धरलीय, शाळेकडून खात्री करून मगच तारखा पक्क्या करा.

---

दिनांक: २ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
(शाळेचे नाव व पत्ता), नाशिक

विषय: इयत्ता पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी ऐच्छिक बुकिंगद्वारे वह्या पुरवण्याचा प्रस्ताव (२०२६-२७)

महोदया,

माझे सिडको येथे स्टेशनरीचे दुकान आहे. आपल्या शाळेच्या यादीप्रमाणे वह्यांचे तयार संच पालकांना देण्याचा प्रस्ताव देत आहे. संच घेणे पूर्णपणे पालकांच्या इच्छेवर राहील. पैसे पालक थेट दुकानाला देतील व दुकान पावती देईल. शाळेकडे कोणताही व्यवहार किंवा हिशोब येणार नाही.

नमुने: प्रत्येक प्रकारच्या तीन वह्या सोबत देत आहे. त्यातील एक दोघांच्या सहीने शाळेत ठेवावी, ही विनंती. १७२ पेजची वही, आकार १८ × २४ सेंमी, कागद ५७ जीएसएम, कव्हरची पाने सोडून मोजलेली, वजन सुमारे २३० ग्रॅम. आलेल्या मालातील कोणत्याही दहा वह्यांचे वजन नमुन्यापेक्षा पाच टक्क्यांहून कमी भरल्यास तो गठ्ठा दोन दिवसांत बदलून देईन.

संच: जूनमध्ये ७ वह्या (१७२ पेज ५, ९२ पेज २), रु. २००. दिवाळीनंतर ३ वह्या (१७२ पेज), रु. ९६. दर करांसह असून दोन्ही वेळी हेच राहतील. पेन्सिल, पेन, कंपासपेटी इत्यादींचे दर सोबतच्या दरपत्रकात स्वतंत्र आहेत व ते घेणे संचाशी जोडलेले नाही.

वेळापत्रक:
शाळेकडून विषयवार यादी: १० एप्रिलपर्यंत
बुकिंग फॉर्मचे वाटप: निकालाच्या दिवशी (फॉर्म दुकान छापून देईल)
बुकिंगची शेवटची तारीख: ९ मे
वाटप: पाचवी सोमवार ८ जून, सहावी मंगळवार ९ जून, सातवी बुधवार १० जून, सकाळी ९ ते १२
राहिलेल्या व नवीन प्रवेशाच्या विद्यार्थ्यांसाठी: २२ जून
दुसरा संच: २३ व २४ नोव्हेंबर

खराब किंवा चुकीच्या रेघेची वही दुकानात बदलून मिळेल. न वापरलेली वही ३१ जुलैपर्यंत परत घेऊन पूर्ण पैसे दिले जातील. ठरलेल्या दिवशी माल न आल्यास बुकिंगची रक्कम त्याच दिवशी परत दिली जाईल.

शाळेकडून फक्त तीन गोष्टींची विनंती आहे: वह्यांची यादी, निकालाच्या दिवशी फॉर्म वाटण्याची परवानगी आणि वाटपासाठी तीन दिवस एक खोली. खोली देणे शक्य नसल्यास संच दुकानातून देता येतील.

आपल्या सोयीच्या वेळी दहा मिनिटे भेटण्याची परवानगी मिळावी.

आपली विश्वासू,
(नाव, दुकान, मोबाईल)

सोबत: १) नमुना वह्या, २) दरपत्रक, ३) बुकिंग फॉर्मचा मसुदा

---

बघा, यात 'उत्तम' हा शब्द एकदाही नाही. 'ठरलेल्या दिवशी माल न आल्यास पैसे परत' ही ओळ लिहायला तुम्हाला धाकधूक होईल, पण तीच ओळ मॅडम मीटिंगमध्ये वाचून दाखवतील, म्हणून ती काढू नका, त्याऐवजी होलसेलरला तारीख ५ जून सांगा आणि स्वतःकडे तीन दिवस हातचे ठेवा. बुकिंगला शंभर रुपये ॲडव्हान्स घ्या, बाकी वाटपाच्या दिवशी, यूपीआयचा क्यूआर तुमच्या दुकानाच्या नावाचा. ॲडव्हान्स न घेता नुसती नावं लिहून घेतलीत तर त्यातले बरेच जण जूनमध्ये येणारच नाहीत.

माल किती भरायचा हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. मुलं तीनशे असली तरी पहिल्या वर्षी तीनशे सेट धरू नका. जितकी ॲडव्हान्सची बुकिंग आली तितके सेट, आणि वर थोडे, दीडशे आले तर एकशे साठ. उशिरा जागे होणारे पालक २२ जूनच्या तारखेत येतात, त्यांच्यासाठी होलसेलरकडे आधीच शब्द टाकून ठेवा. पाचवीचा आकडा सगळ्यात जास्त हलतो, चौथीपर्यंतच्या शाळांतून नवीन पोरं तिथेच येतात, तेव्हा जास्तीचे सेट पाचवीचेच ठेवा.

एक नाजूक गोष्ट. काही ठिकाणी कुणीतरी सूचक विचारेल, शाळेला काय देणार, स्नेहसंमेलनाला काही, एखादं कपाट वगैरे. पत्रात असलं काहीही लिहू नका आणि तोंडीही कबूल करू नका, कारण तो पैसा शेवटी पालकाच्या दरात चढतो आणि बाहेर कळलं की आधी अडकतात त्या मॅडम. 'तेवढा दर मी सगळ्यांनाच कमी लावलाय' एवढं सांगायचं. त्यावर ऑर्डर गेली तर जाऊ दे, सिडकोत शाळांना काय तोटा आहे. आणि हो, नमुन्यासोबत डायरी, पेनसेट, मिठाईचा बॉक्स नेऊ नका, नमुन्याच्या वह्यांवर शिक्का मारायचा तो याच्यासाठी पण.

पत्र पोस्टाने नको, मेलने तर नकोच. शाळा सुटायच्या अर्धा तास आधी ऑफिसात जा, पत्राच्या दोन प्रती न्या, एक क्लार्ककडे द्या आणि दुसरीवर आवक नंबर, तारीख आणि पोचची सही घ्या. आवक रजिस्टरला नोंद झालेलं पत्र मुख्याध्यापकांसमोर ठेवावंच लागतं, नुसतं हातात दिलेलं टेबलावरच्या वर्तमानपत्राखाली जातं. शाळा मोठ्या संस्थेची असेल तर तिथेच क्लार्कला विचारा की खरेदीचं इथे ठरतं की संस्थेच्या ऑफिसला, आणि तिकडे ठरत असेल तर आणखी एक प्रत 'माहितीसाठी' म्हणून सचिवांच्या नावाने द्या, पण मॅडमना सांगून, त्यांना डावलून नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच द्या. त्यानंतर बारावी-दहावीच्या परीक्षा सुरू होतात, शाळा केंद्र असेल तर मार्च संपेपर्यंत कुणालाच वेळ नसतो. आठ दिवसांनी आवक नंबर सांगून क्लार्कला फोन करा, 'मॅडमनी काही शेरा मारलाय का' एवढंच विचारा. 'चर्चा करा' असा शेरा असेल तर त्याच दिवशी वेळ मागा आणि जाताना काटा पर्समध्ये ठेवा.